गादी एल४-एल५ ची, मग दबलेली नस एल५ ची कशी?

माझं वय ४३. पाच आठवडे डावा पाय दुखतोय. कळ कुल्ल्यातून निघते, मांडीच्या बाहेरच्या बाजूने नडगीवर उतरते आणि पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत जाते. अंगठा वर ओढताना जोर कमी लागतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘एल४-एल५, डावीकडे पॅरासेंट्रल एक्स्ट्रूजन, डाव्या ट्रॅव्हर्सिंग एल५ मुळावर दाब’ असं लिहिलं आहे. पण नसांचं चित्र पाहिलं तर एल४ आणि एल५ मणक्यांच्या मधून बाहेर पडते ती एल४ ची नस! माझ्या सहकाऱ्याची हीच गादी सरकली आहे आणि त्याच्या रिपोर्टमध्ये एल४ नस दबल्याचं लिहिलंय. भावाच्या मानेत सी५-सी६ ची गादी सरकली, तर त्याची म्हणे सी६ ची नस दबली. माझ्या रिपोर्टमध्ये आकडा चुकला आहे का? डॉक्टरांनी तपासून ‘गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका दोन्हीकडे सारखा, डावा पाय ४० अंशांवर दुखतो, अंगठ्याची ताकद ४/५’ असं लिहून दिलं आहे. झटके ठीक आहेत, म्हणजे नस सुरक्षित आहे असं समजू का?

— एक वाचक

तिघांचेही रिपोर्ट बरोबर असू शकतात. तुम्ही पाहिलेलं चित्रही बरोबर आहे. घोळ होतो तो दोन गोष्टींमुळे. मानेतल्या आणि कमरेतल्या नसा मोजण्याची पद्धत वेगळी आहे, आणि नस ज्या मणक्यांच्या मधून बाहेर पडते तिथल्याच गादीने ती दबते, हे आपण गृहीत धरतो. मानेत ते बहुतेक वेळा खरं असतं, कमरेत बहुतेक वेळा नसतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच देऊन टाकतो: नाही, झटके ठीक असल्यावर निर्धास्त होऊ नका. का, ते पुढे येईलच.

आधी मोजणी. रिपोर्टमधलं ‘सी’ म्हणजे मान, ‘एल’ म्हणजे कंबर आणि ‘एस’ म्हणजे त्रिकास्थी. मानेत मणके ७, पाठीत १२, कमरेत ५. त्याखालचे ५ एकमेकांना जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटी माकडहाड. नसांच्या जोड्या मात्र मानेत ८ आहेत. पहिली नस कवटी आणि पहिला मणका यांच्या मधून बाहेर पडते, त्यामुळे मानेतली प्रत्येक नस आपल्या क्रमांकाच्या मणक्याच्या वरून निघते. सी५ आणि सी६ च्या मधून निघते ती सी६. सातव्या मणक्यापाशी पोचलो की एक नस जास्तीची उरते. ती आठवी, सी७ आणि पाठीचा पहिला मणका यांच्या मधली. तिथून खाली सगळा हिशेब एकाने सरकतो आणि प्रत्येक नस आपल्या क्रमांकाच्या मणक्याच्या खालून निघू लागते. म्हणून एल४ आणि एल५ च्या मधून निघते ती एल४. इथवर तुमचं बरोबर आहे.

आता नस त्या जागेपर्यंत येते कशी, ते पाहू. मज्जारज्जू कण्याइतका लांब नसतो. जन्माच्या वेळी तो साधारण एल३ पर्यंत पोचलेला असतो, पण पुढे हाडांचा कणा त्याच्यापेक्षा जास्त वाढतो आणि मोठ्या माणसात मज्जारज्जू एल१-एल२ च्या आसपासच संपतो. मानेत रज्जूचा तो भाग आणि नसेचं दार जवळजवळ एकाच पातळीवर राहतात, म्हणून तिथल्या नसा जवळपास आडव्या निघतात. कमरेच्या नसांना मात्र आपापल्या दारापर्यंत बराच प्रवास खाली करावा लागतो. एल२ च्या खाली मणक्यांच्या नळीत रज्जू नसतोच, असतो तो फक्त खाली जाणाऱ्या नसांचा झुबका. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला कॉडा इक्वायना म्हणतात. ही सगळी शेपटी एका पातळ आवरणाच्या पिशवीत, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असते. खाली जाताना एकेक नस पिशवीच्या कडेला येते, बाहेर पडते आणि तिरकी उतरून आपलं दार गाठते.

हे दार म्हणजे दोन मणक्यांच्या मधलं बाजूचं भोक. त्याच्या वर आणि खाली पेडिकल असतात. पेडिकल म्हणजे मणक्याच्या धडाला मागच्या कमानीशी जोडणारा आखूड, जाड खांब. दाराच्या पुढे मणक्याचं धड आणि गादी, मागे सांधा. कमरेत हे दार उभट असतं. नस वरच्या पेडिकलला अगदी चिकटून, म्हणजे दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून निघते, आणि गादी असते खालच्या अर्ध्या भागासमोर. सगळा उलगडा या एका मांडणीत आहे. एल४ ची नस एल४ च्या पेडिकलखालून वळून बाहेर पडते, तेव्हा एल४-एल५ ची गादी अजून तिच्या खाली असते. गादीच्या पातळीवर पोचेपर्यंत ती नळीच्या बाहेर गेलेली असते. गादीच्या मागच्या बाजूला नळीत तेव्हा असते एल५ ची नस. ती पिशवीच्या पुढच्या कोपऱ्यात येऊन, बाहेर पडण्याच्या बेतात, गादीवरून तिरकी ओलांडून खाली चाललेली असते. तुमच्या रिपोर्टमधला ‘ट्रॅव्हर्सिंग’ हा शब्द तिच्यासाठीच आहे: ओलांडून जाणारी. त्या पातळीवर बाहेर पडणाऱ्या एल४ ला रिपोर्टमध्ये ‘एक्झिटिंग’ म्हणतात. रिपोर्ट वाचताना आकड्याआधी हे दोन शब्द शोधा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

मानेत हा फरक का पडत नाही? कारण तिथली नस आडवी जाते आणि गादीच्या पातळीवरूनच जाते. ओलांडून खाली जाणारी दुसरी नस तिथे नसतेच. तुमच्या भावाची सी५-सी६ ची गादी नळीच्या कडेला फुगो किंवा दारात शिरो, दबणार ती सी६. मात्र मानेतली गादी मधोमध मागे आली तर समोर मज्जारज्जूच असतो. मग हाताची बोटं सफाईने चालेनाशी होतात, बटणं लावता येत नाहीत, पाय ताठर होऊन चाल बिघडते. कमरेत एल२ च्या खाली रज्जू नसल्यामुळे असा ताठरपणा कमरेच्या गादीने येत नाही. कमरेचा रिपोर्ट हातात असून पाय ताठर होत असतील, तर दोष वर शोधावा लागतो. पाठीच्या १२ मणक्यांना फासळ्या धरून ठेवतात, तिथे वाकणं कमी आणि गाद्याही पातळ, म्हणून तिथे गादी सरकून नस दबणं दुर्मिळ आहे.

कमरेच्या वाट्याला मात्र सगळा भार येतो. इथले मणके सर्वांत मोठे, गाद्या सर्वांत जाड, आणि पुढून जाड, मागून कमी, म्हणून तर कमरेला आत वळलेला बाक येतो. इथले मागचे सांधे बरेचसे उभे, समोरासमोर ठेवलेल्या पुस्तकांच्या पानांसारखे असतात. पुढे-मागे वाकू देतात, वळायला अडवतात. त्यात सर्वांत जास्त हालचाल शेवटच्या दोन गाद्यांपाशी, एल४-एल५ आणि एल५-एस१ मध्ये होते, कारण त्यांच्या खाली त्रिकास्थी आहे आणि ती हलत नाही. कमरेच्या नस दाबणाऱ्या गाद्यांपैकी सुमारे ९५ टक्के या दोन जागांच्या असतात.

आता गादी. ‘गादी सरकली’ म्हणतो आपण, पण गादी म्हणून एक वस्तू मणक्यांच्या मधून घसरून येत नाही. ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. फुटतं तिचं बाहेरचं कडं आणि बाहेर येतो आतला गर. गराला न्यूक्लिअस म्हणतात. तरुणपणी त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि ते धरून ठेवणारे मोठे प्रथिन-शर्करेचे रेणू असतात. वय वाढतं तसे हे रेणू तुटतात आणि पाणी कमी होतं. ‘मणक्यात गॅप आलाय’ असं म्हणतात तेव्हा बहुधा उलट घडलेलं असतं, पाणी जाऊन गादी बसलेली असते आणि गॅप कमी झालेला असतो.

कड्याला ॲन्युलस म्हणतात. ते चिवट तंतूंच्या १५ ते २५ थरांचं असतं. एका थरातले तंतू आडव्या पातळीशी सुमारे ३० अंश एकीकडे कललेले, तर पुढच्या थरातले तितकेच दुसरीकडे. नुसतं वाकलं किंवा नुसता भार आला तर सगळे थर मिळून ताण घेतात. पण कंबर वळवली की एका दिशेला कललेले थर ताणले जातात आणि उलट दिशेचे सैल पडतात, म्हणजे निम्मेच थर काम करतात. त्यात पुढे वाकलेलं असेल तर कड्याची मागची बाजू आधीच ताणलेली असते आणि गर मागे ढकलला जात असतो. वाकून, वळून वजन उचलणं वाईट म्हणतात त्यामागे हे कारण आहे.

कडं सगळीकडे सारखं नसतं. पुढे जाड, मागे पातळ, आणि गरही बरोबर मध्यावर नसून थोडा मागे असतो. मग गर सरळ मागे, मधोमध का येत नाही? कारण मणक्यांच्या मागून वरपासून खालपर्यंत एक लांब बंध जातो, पोस्टिरिअर लाँगिट्युडिनल लिगामेंट. तो मध्यावर भक्कम असतो, कडेला झिरझिरीत. मध्यावर अडलेला गर मग बाजूची वाट धरतो आणि बंधाच्या कडेशी मागे-डावीकडे किंवा मागे-उजवीकडे फुटतो. हीच ती ‘पॅरासेंट्रल’ जागा, आणि नेमकी तिथूनच खालची नस ओलांडून जात असते. शरीराची रचना इथे माणसावर फार मेहेरबान नाही, एवढंच म्हणता येईल.

रिपोर्टमधला ‘एक्स्ट्रूजन’ हा शब्दही लोकांना घाबरवतो. ‘बल्ज’ म्हणजे गादीचा घेर बऱ्याच भागात थोडा बाहेर आलेला. ‘प्रोट्रूजन’ म्हणजे एका जागी फुगवटा, पण त्याचं बूड तोंडापेक्षा रुंद. ‘एक्स्ट्रूजन’ म्हणजे बाहेर आलेला गर आपल्या बुडापेक्षा मोठा झाला आहे, आणि तुकडा पूर्ण सुटला तर ‘सिक्वेस्ट्रेशन’. ऐकायला उलटं वाटेल, पण मोठा बाहेर आलेला तुकडा अनेकदा लहान फुगवट्यापेक्षा चांगला आक्रसतो. बंधाच्या पलीकडे आल्यावर रक्तातल्या पेशी त्याला परका समजतात आणि हळूहळू खाऊन टाकतात. याच लढाईत सूज येते, आणि पायातली कळ बरीचशी त्या सुजेची असते. निरोगी नसेवर नुसता दाब पडला तर मुख्यतः बधिरपणा येतो. कळ येते ती सुजलेल्या नसेवर दाब आल्यावर. म्हणून पायातली कळ कमी होऊनही अंगठ्याची ताकद मागे राहू शकते. दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या.

आता तुमची केस घेऊ. पायावर तीन नसांचे आपापले पट्टे आहेत. एल४ ची कळ मांडीच्या पुढून गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत जाते. एल५ ची नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत. एस१ ची पोटरीच्या मागून टाच, पावलाची बाहेरची कड आणि करंगळीपर्यंत. तुमची कळ बरोबर एल५ च्या पट्ट्यातून उतरते. अंगठा वर ओढणारा स्नायू मुख्यतः एल५ वर चालतो आणि तोच अशक्त आहे. पाय सरळ ठेवून उचलला की ४० अंशांवर कळ येते. ही तपासणी साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये पायातली कळ आली तर खरी धरतात, कारण त्या टप्प्यात एल५ आणि एस१ च्या नसा ताणल्या जातात. इथे पायात खाली जाणारी कळ मोजायची. नुसती मांडीची शीर ताणल्यासारखी वाटली तर ती जमेस धरायची नाही. तुमची लक्षणं, तपासणी आणि चित्र तिन्ही एल५ कडेच बोट दाखवतात. एमआरआयला किंमत येते ती अशी. लक्षणं नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये फुगलेल्या गाद्या दिसतात, त्यामुळे एकट्या चित्रावर काही ठरवू नये.

आणि झटके? गुडघ्याचा झटका मुख्यतः एल४ तपासतो, घोट्याचा एस१. एल५ साठी रोजच्या तपासणीत भरवशाचा झटकाच नाही. तुमचे दोन्ही झटके सारखे आहेत, यातून एल४ आणि एस१ ठीक असावेत एवढंच कळतं. एल५ विषयी हातोडी काही सांगत नाही. तिथे ताकदच मोजावी लागते. ४/५ म्हणजे डॉक्टरांनी बोटाने दाब दिल्यावरही अंगठा काही प्रमाणात तग धरतो, पण उजव्याइतका नाही. ३ म्हणजे दाब न देता तो वर उचलता येतो, दाबापुढे टिकत नाही. ४ वरून ३ वर घसरण ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

हे तुम्ही घरी दोन-तीन दिवसांनी पाहू शकता. भिंतीजवळ उभं राहून टाचांवर आठ-दहा पावलं चाला आणि डावा चवडा उजव्याइतका वर राहतो का पाहा. चालताना चप्पल घसटते किंवा बोटं अडखळतात का, हेही लक्षात ठेवा. बसून दोन्ही अंगठे वर ओढा आणि दुसऱ्या कुणाला बोटाने दोन्हीकडे सारखाच दाब द्यायला सांगा. मग फक्त डाव्या पायावर उभं राहा. उजवीकडचा कुल्ला खाली कलत असेल तर डाव्या कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू ढिला पडलाय, आणि तो मुख्यतः एल५ वरच चालतो. एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उंच होऊन पाहा. हे जमत नसेल तर एस१ चा विचार करायचा. प्रत्येक वेळी उजवीकडे किती आणि डावीकडे किती, दोन्ही तारखेसह लिहून ठेवा. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा ही वही डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.

कुल्ल्याच्या स्नायूचा उल्लेख मुद्दाम केला. पाऊल वर ओढता न येण्याचं कारण दर वेळी कमरेत नसतं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक नस हाडावरून वळून जाते. पायावर पाय टाकून फार वेळ बसल्याने किंवा तिथे प्लास्टर आवळल्यानेही ती दबते आणि अंगठा व पाऊल तसंच लुळं पडतं. पण त्या प्रकारात कुल्ल्याचा स्नायू शाबूत राहतो आणि पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकदही. एल५ दबली असेल तर या दोन्ही हालचाली ढिल्या पडू शकतात. चित्रात लहानसा फुगवटा आणि पाऊल मात्र पूर्ण पडलेलं, असं विजोड दिसलं की हा फरक तपासायलाच हवा.

आता तुमच्या सहकाऱ्याकडे वळू. गादी तीच, मग नस वेगळी कशी? कमरेत गर कुठल्या बाजूला फुटला, यावर सगळं ठरतं. तुमचा नळीच्या कडेला फुटला. त्याचा बहुधा अजून बाहेर, दारात किंवा दाराच्याही पलीकडे फुटला असावा. त्याच्या रिपोर्टमध्ये ‘फोरामिनल’ किंवा ‘फार लॅटरल’ असे शब्द असतील. तिथे असते ती नुकतीच बाहेर पडलेली एल४. गर दारात वर चढला की तिला थेट चेपतो. याच भागात नसेची जाड गाठ, डॉर्सल रूट गँगलिअन, असते आणि ती दाबाला फार संवेदनशील असते, म्हणून असे रुग्ण पॅरासेंट्रलवाल्यांपेक्षा जास्त कळवळतात. त्याची कळ मांडीच्या पुढे आणि नडगीच्या आतल्या बाजूला असेल, गुडघा सरळ करायला जोर कमी लागत असेल, गुडघ्याचा झटका मंद असेल. पाय सरळ उचलून मात्र काहीच सापडणार नाही असंही होतं. त्याला पालथं झोपवून गुडघा वाकवून मांडी मागे ओढली की मांडीच्या पुढे कळ येते. ही वेगळी तपासणी केली नाही तर अशी केस हातून निसटते. एमआरआयमध्येही फक्त मधले काप पाहिले तर दाराबाहेरचा तुकडा दिसत नाही. गादी दिसते, पण ‘नळी मोकळी आहे’ असा निष्कर्ष निघतो.

दुसरीही शक्यता असते. सुटलेला तुकडा कधी गादीच्या पातळीवर राहत नाही, वर किंवा खाली सरकतो. वर चढून एल४ च्या धडामागे बसला तर तोही एल४ ला दाबतो. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘मायग्रेटेड’ असं लिहिलेलं असतं.

हाच हिशेब उलट लावला की एक सावधगिरी लक्षात येते. एल५ ची नस दोन ठिकाणी दबू शकते. एल४-एल५ ची गादी नळीच्या कडेला फुटली तर ओलांडताना, किंवा एल५-एस१ ची गादी दारात फुटली तर बाहेर पडताना. पायातली लक्षणं दोन्हीत सारखीच दिसतात. अंगठा अशक्त आहे एवढ्यावरून गादी कोणती, ते सांगता येत नाही, नस कोणती ते सांगता येतं. शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण नळीच्या कडेच्या तुकड्यासाठी मागून मध्याजवळ जातात आणि दाराबाहेरच्यासाठी बाजूची वाट घेतात. चुकीच्या बाजूने गेलं तर तुकडा तसाच राहतो आणि शस्त्रक्रिया होऊनही कळ राहते.

मोजणीचाही एक सापळा आहे. काही लोकांत कमरेचा पाचवा मणका त्रिकास्थीला जुळलेला असतो, तर काहींत त्रिकास्थीचा पहिला सुटा असतो. मग खालून मोजणाऱ्याचा एल४ हा वरून मोजणाऱ्याचा एल५ होतो. रिपोर्टमध्ये ‘ट्रान्झिशनल’, ‘सॅक्रलायझेशन’ किंवा ‘लम्बरायझेशन’ असं लिहिलं असेल, तर मोजणी कुठून केली ते विचारा आणि पुढच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये तीच ठेवायला सांगा. लक्षणं आणि चित्र एकाच घराने चुकत असतील, तर पहिला संशय मोजणीवर घ्यावा. तुमच्या रिपोर्टमध्ये असा उल्लेख नाही आणि लक्षणं जुळतात, म्हणून इथे तो प्रश्न दिसत नाही.

राहता राहिली तिसरी दिशा, मधोमध. बंध फाडून मोठा तुकडा सरळ मागे आला तर तो एक नस दाबत नाही, सगळी शेपटी दाबतो. त्या झुबक्यात मध्यभागी लघवी, शौच आणि बैठकीच्या भागातली संवेदना सांभाळणाऱ्या एस२ ते एस४ च्या नसा असतात. दोन्ही पायांत कळ किंवा बधिरपणा, खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकतो तिथे पुसताना स्पर्श न कळणं, लघवी लागल्याचं न जाणवणं किंवा सुरू न होणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात जायचं. लघवी अडली आहे हे अनेकांना दुखत नसल्यामुळे कळत नाही, फक्त थेंब-थेंब गळते आणि ‘होतेय की’ असं वाटतं. ही तासांची बाब आहे. दाब उशिरा काढला तर पाय सुधारले तरी लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही.

तुमच्या बाबतीत अशी चिन्हं नाहीत आणि ताकद ४ आहे, त्यामुळे सहा ते बारा आठवड्यांची मुदत देणं रास्त आहे. बहुतेकांची कळ त्या काळात शस्त्रक्रियेविना ओसरते. तोवर झोपून राहू नका, थोडं थोडं चाला. सलग बसणं अर्ध्या तासाच्या आत तोडा. सकाळी उठल्यावर पहिल्या तासात वाकून काही उचलू नका. रात्रभर भार नसल्याने गराने पाणी ओढून घेतलेलं असतं आणि कडं तेव्हा सर्वांत जास्त ताणलेलं असतं. दिवसभरात हेच पाणी पिळून निघतं, म्हणून संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटका भरतो.

पुढच्या भेटीत एवढं विचारा: अंगठ्याची आणि पाऊल वर ओढण्याची ताकद आज किती, गेल्या वेळी किती होती, आणि कुल्ल्याच्या स्नायूची ताकद तपासली का. वहीतल्या तारखा दाखवा. अंगठा ३ वर घसरला, चप्पल घसटायला लागली किंवा टाचांवर चालणं जमेनासं झालं, तर बारा आठवडे पूर्ण होण्याची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनना दाखवा.